बंद होणाऱ्या खात्यातून काम बाहेर काढताना

आमचं काम कस्टम क्लिअरिंग आणि फॉरवर्डिंगचं. ऑफिस बॅलार्ड इस्टेटमध्ये, माल बहुतेक न्हावा शेव्यात उतरतो. इम्पोर्टचं टेबल इतकी वर्षं ताई सांभाळत होत्या. वयाने मोठ्या, म्हणून सगळे त्यांना ताईच म्हणायचे, शेठसुद्धा. त्यांनी राजीनामा दिला आणि ते टेबल माझ्याकडे आलं.

या धंद्यात कागदांचा हँडओव्हर तसा सोपा असतो. प्रत्येक शिपमेंटची जॉब फाईल असते. बीएल, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ एंट्री, माल सोडायचा लाईनचा डीओ, सगळं नंबराने लावलेलं. फाईल उघडली की माल कुठे अडलाय ते कळतं. पण "असं का ठरलं" हे फाईलमध्ये नसतं. दर कोणी कबूल केला, कंटेनर आधी कुठे न्यायचा, पार्टीने कोणती वस्तू थांबवायला सांगितली, हे सगळं हल्ली चॅटवर ठरतं. आमच्याकडे त्यासाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स आहे, आणि ताईंचा अर्धा दिवस त्यातच जायचा.

एचआरचा मेल आला की शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं बंद होईल आणि मेलबॉक्स "शेअर्ड" करून माझ्याकडे दिला जाईल. शेठ निश्चिंत झाले. "मेलबॉक्स मिळतोय ना, मग चॅटपण त्यातच असणार की." आयटीचा मुलगा, जो आठवड्यातून दोनदा येतो, तिथेच उभा होता. तो म्हणाला, "असतं त्यातच, पण दिसत नाही."

मला हे वाक्य आधी कोड्यासारखं वाटलं, म्हणून त्याला खुर्चीवर बसवून नीट विचारलं. त्याने सांगितलं ते असं. टीम्समध्ये दोघांत किंवा ग्रुपमध्ये झालेलं चॅट प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्येच साठतं, पण एका लपवलेल्या फोल्डरमध्ये. आउटलुकमधून ते फोल्डर उघडता येत नाही. मेलबॉक्स शेअर्ड केला तर मला ताईंचे मेल दिसतील, चॅटची एक ओळही दिसणार नाही. ते काढायचं तर अ‍ॅडमिनने कम्प्लायन्सच्या बाजूने, म्हणजे पर्व्ह्यूमधून, शोध लावून काढायचं. शिवाय खातं डिलीट केलं की ते परत उभं करायला ३० दिवस असतात. त्यानंतर, आधी काही राखून ठेवायची सोय केली नसेल तर, विषय संपला.

चॅनेलवरचं बोलणं मात्र वेगळं. ते टीमच्या नावाने साठतं, माणसाच्या नावाने नाही, त्यामुळे ताई गेल्या तरी ते जागच्या जागी राहतं. ग्रुप चॅट उरलेल्या लोकांना दिसत राहतं. खरा प्रश्न दोघांमधल्या चॅटचा. आणि ताईंचं महत्त्वाचं काम बहुतेक तिथेच होतं, कारण शिपिंग लाईनचा माणूस चार लोकांसमोर सवलत कबूल करत नाही.

मी म्हटलं, मग मला त्या चॅटमध्ये आत्ताच घ्या की. ताईंनी डॉक्सच्या, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या मुलीबरोबरचं त्यांचं चॅट उघडलं आणि माझं नाव टाकलं. त्याबरोबर तिघांचं एक नवंकोरं ग्रुप चॅट उघडलं. मागची एक ओळ नाही. दोघांच्या चॅटमध्ये तिसरा शिरू शकत नाही, तिथे नेहमी नवीन ग्रुपच तयार होतो. आधीपासूनच्या ग्रुप चॅटमध्ये माणूस घालताना मात्र टीम्स विचारतं की मागचं किती दाखवायचं. काहीच नाही, मागचे अमुक दिवस, की `Include all chat history`. तेव्हा ग्रुपपुरता प्रश्न तिथल्या तिथे सुटला. ताईंनी ऑफिसातल्या सगळ्या चालू जॉबच्या ग्रुपमध्ये मला सगळ्या इतिहासासकट घातलं आणि ते अर्ध्या तासात आटोपलं.

दोघांमधल्या चॅटमधल्या मेसेजची लिंक कॉपी करून मला पाठवता येईल, असंही वाटलं होतं. लिंक कॉपी होते, पण ती उघडते फक्त त्या चॅटमध्ये असलेल्यालाच. मला ती निरुपयोगी. एकेक मेसेज फॉरवर्ड करता येतो, पण सुट्या मेसेजला आगापीछा नसतो. "हो चालेल" असा फॉरवर्ड आलेला मेसेज सहा महिन्यांनी कशाला उत्तर होतं हे कोणाला आठवणार? आणि पूर्ण चॅट फाईल करून काढायचं बटण साध्या वापरणाऱ्याला टीम्स देत नाही.

शेठचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता. अ‍ॅडमिनला काढता येतं ना, मग सगळंच काढून ठेव. यावर ताईंचा चेहरा उतरला, आणि का ते मला कळलं. त्याच खात्यावर त्यांचा डब्याचा ग्रुप होता, पगाराबद्दल एचआरशी झालेलं बोलणं होतं, आईच्या आजारपणात सुट्टी मागताना लिहिलेलं होतं. कंपनीचं खातं म्हणजे कंपनीचं सगळं, हे कागदावर बरोबर असेल. पण ज्या बाईने इतकी वर्षं टेबल सांभाळलं तिचं आईच्या ऑपरेशनबद्दलचं बोलणं मी का वाचावं? शिवाय आयटीच्या मुलाने असा एक जुना एक्स्पोर्ट उघडून दाखवला, नाव झाकून. हजारो सुटे मेसेज, कोण कशाबद्दल बोलतंय याचा पत्ता नाही. तो ढिगारा बघून शेठचाच उत्साह मावळला.

शेवटी ठरलं ते असं. आयटीने खातं डिलीट करण्याआधी त्यावर रिटेन्शन लावायचं, म्हणजे ते चॅट मागच्या बाजूला जपलेलं राहील, पण कोणी उठून वाचणार नाही. क्रम इथे महत्त्वाचा. आधी रिटेन्शन लागलं पाहिजे, मग खातं गेलं पाहिजे, उलट झालं तर त्या ३० दिवसांनंतर जपायला काही उरलेलंच नसतं. कस्टम्स ब्रोकरला २०१८ च्या लायसन्सिंग रेग्युलेशन्सनुसार नोंदी किमान ५ वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणून आम्ही मुदतही तीच धरली. चॅट त्या नोंदींमध्ये मोडतं का, यावर वकील काय म्हणतील ते म्हणोत, पण पार्टीने दिलेली सूचना उद्या कोणी मागितली तर हात वर करायला नको.

आणि रोजच्या कामासाठी जे लागतं ते ताईंनीच, त्यांच्या स्क्रीनवर, मी शेजारी बसून बाहेर काढायचं. माऊस त्यांच्या हातात.

पहिल्या दिवशी आम्ही चॅटची यादी वरून खाली वाचायला लागलो आणि लगेच कळलं की हे होणार नाही. इतकं वाचत बसलो तर नोटीस पीरियड संपेल आणि आम्ही अजून मागच्या दिवाळीतच असू. तेव्हा ताईंनी उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी चालू जॉबची यादी घेतली, म्हणजे जो माल अजून समुद्रात आहे, जो बंदरात किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात आहे, आणि ज्याचा माल पोचलाय पण हिशेब मिटलेला नाही. प्रत्येक जॉबवर बोट ठेवून त्या स्वतःला एकच प्रश्न विचारायच्या: "याबद्दल मी कोणाला काही कबूल केलंय का, किंवा मला कोणी काही कबूल केलंय का?" असेल तर ते चॅटमध्ये शोधायचं. नसेल तर पुढे.

शोधतानाही एक गंमत झाली. मी `confirmed`, `approved` असं टाकत होतो आणि फारसं काही हाती लागत नव्हतं. ताई हसल्या. "अरे, आम्ही असं लिहितो का?" त्यांनी `chalel` टाकलं, मग `chlel`, मग `karun deto`, मग `bagh na`. एकामागोमाग एक बाहेर यायला लागलं. लाईनच्या कोकणी माणसाबरोबर मराठी, सीएफएसच्या सर्व्हेअरबरोबर हिंदी, आणि सगळं रोमन लिपीत, ज्याला जसं सुचेल तशा स्पेलिंगने. हा शोध जाणाऱ्या माणसाशिवाय कोणालाच करता येणार नाही, कारण कोण कोणत्या शब्दात होकार देतो हे त्यालाच माहीत असतं. अ‍ॅडमिनच्या एक्स्पोर्टमधून मी हे कधीच काढलं नसतं.

आता ज्या जॉबमुळे मला या सगळ्याचं मोल कळलं तो सांगतो.

भिवंडीची एक पार्टी, मशीनचे सुटे भाग आणते. दोन चाळीस फुटी कंटेनर वाटेत होते. शिपिंग लाईन कंटेनर देते तेव्हा काही दिवस फुकट असतात, फ्री डेज म्हणतो आम्ही. माल उतरल्यापासून रिकामा कंटेनर त्यांच्या यार्डात परत जाईपर्यंतचे दिवस मोजतात, आणि फुकटच्या दिवसांपुढे रोजचं डिटेन्शन लागतं, तेही डॉलरमध्ये. या लाईनचे नेहमीचे फ्री डेज ७. पण या पार्टीचं गोडाऊन लहान, माल टप्प्याटप्प्याने उतरतो, म्हणून ताईंनी लाईनच्या माणसाकडून १४ दिवस मागून घेतले होते. कुठे? दोघांच्या चॅटवर. त्याचा मेसेज होता: `14 days chalel, DO chya veli bolu`. बस्स. मेल नाही, बीएलवर शेरा नाही, कोटेशनमध्ये उल्लेख नाही. आणि जहाज न्हावा शेव्याला लागणार होतं ताई गेल्यानंतर.

मी म्हटलं, स्क्रीनशॉट काढून फाईलला लावू. ताईंनी मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की डीओच्या वेळी काउंटरवर दुसराच कोणी असेल, आणि एका निघून गेलेल्या बाईच्या चॅटच्या फोटोवर तो दर का बदलेल? फोटोत लाईनच्या माणसाचं पहिलं नाव दिसतं, कोणत्या बीएलबद्दल बोलणं चाललंय ते दिसत नाही. मग त्यांनी त्याच माणसाला आपल्या मेलवरून मेल टाकला. बीएल नंबर, दोन्ही कंटेनरचे नंबर, "अमुक तारखेला चॅटवर झालेल्या बोलण्याप्रमाणे डेस्टिनेशनला १४ फ्री डेज, कृपया याच मेलवर कन्फर्म करावं, यापुढे या जॉबचं काम अमुक बघतील". सीसीमध्ये मी आणि इम्पोर्टचा सामाईक मेल आयडी. उत्तर लगेच आलं नाही. ताईंनी त्याला फोन केला, थोडी चेष्टामस्करी केली, "जाता जाता एवढं तरी लिहून दे रे बाबा" म्हणाल्या, आणि दुपारी त्याचा दोन शब्दांचा मेल आला: `Noted, confirmed`. खाली पूर्ण मजकूर होताच.

जहाज लागलं, डीओ हातात आला, तर मुदत ७ दिवसांचीच. सिस्टिममध्ये जे स्टँडर्ड भरलंय तेच छापून येतं, काउंटरवरच्या मुलाची त्यात चूक नाही. मी मेलची ती साखळी पाठवली. त्याने वरिष्ठांना विचारलं आणि मुदत वाढवून दिली. आमचे कंटेनर रिकामे होऊन परत गेले तेराव्या दिवशी. तो मेल नसता तर सहा दिवस, दोन कंटेनर, त्या लाईनचा तेव्हाचा दर दिवसाला कंटेनरमागे ५५ डॉलर, म्हणजे ६६० डॉलर. रुपयात ५०,००० च्या वर. पार्टीने ते दिले नसते, कारण तिला १४ दिवस सांगितले होते. ते आमच्याच बिलातून गेले असते.

यानंतर आम्ही लाईन, ट्रान्सपोर्टर आणि सीएफएस यांच्याशी चॅटवर झालेल्या प्रत्येक चालू कबुलीसाठी हेच केलं. ताईंच्या मेलवरून, त्या खात्यावर असतानाच, समोरच्याकडून लेखी. ज्यांच्याकडून उत्तर आलं नाही त्यांची वेगळी यादी केली आणि ती शेठना दिली, म्हणजे तिथे सवलत गृहीत धरायची नाही हे त्यांनाही कळलं.

फाईलींचं प्रकरण वेगळं निघालं, आणि ते थोडं फसवं आहे. टीम्सच्या चॅटमध्ये फाईल टाकली की ती चॅटमध्ये दिसते, पण खरी पडते पाठवणाऱ्याच्या वनड्राईव्हमध्ये, `Microsoft Teams Chat Files` नावाच्या फोल्डरमध्ये. समोरच्यांना फक्त तिची वाट दिलेली असते. म्हणजे ग्रुप चॅट माझ्याकडे राहिलं तरी त्यात ताईंनी टाकलेल्या एक्सेल उद्या उघडणार नाहीत. आमच्याकडे ड्युटी काढायची एक शीट आहे. ताईंनी बनवलेली, रोज चार जण वापरतात, आणि सगळ्यांना वाटत होतं ती "ग्रुपमध्येच" आहे.

कोणती फाईल कोणाच्या घरात राहते हे ओळखायची खूण आयटीच्या मुलाने दाखवली. फाईल ब्राउझरमध्ये उघडा आणि वरचा पत्ता बघा. पत्त्यात `-my.sharepoint.com/personal/` असेल तर ती एका माणसाच्या वनड्राईव्हमध्ये आहे आणि त्या माणसाबरोबर जाणार. `/sites/` असेल तर ती टीमच्या जागेत आहे, राहणार. आम्ही रोजच्या वापरातल्या फाईली अशा तपासल्या. ड्युटीची शीट, ट्रान्सपोर्टरचे दरपत्रक, पार्टीनिहाय चेकलिस्ट, तिन्ही `/personal/`.

त्या चॅनेलच्या फाईल्समध्ये हलवल्या. हलवल्या म्हणून भागत नाही, कारण जुन्या चॅटमधली वाट जुन्याच जागेकडे जाते. आणि कॉपी केली तर त्याहून वाईट: जुनी प्रत खातं बंद होईपर्यंत जिवंत राहते, निम्मे लोक तीच भरत राहतात, आणि मग एक दिवस ती नाहीशी होते. म्हणून मूळ फाईल हलवून प्रत्येक ग्रुपमध्ये नवी लिंक टाकली आणि ताईंनी वर लिहिलं की जुनी वापरू नका. तरी अकाउंट्सचा एकजण दोन दिवस जुनीच लिंक दाबून "शीट उडाली" म्हणून ओरडत होता.

उरलेलं वनड्राईव्ह खातं डिलीट झाल्यावर ठरावीक मुदत टिकतं. सेटिंग बदललं नसेल तर ३० दिवस, अ‍ॅडमिनला ते वाढवता येतं. त्या काळात कर्मचाऱ्याच्या मॅनेजरला आपोआप प्रवेश मिळतो. पण मॅनेजर कोण, तर डिरेक्टरीत जो भरलेला असेल तो. आयटीच्या मुलाने ताईंच्या नावापुढे बघितलं तर तिथे अशा साहेबांचं नाव होतं जे कधीच कंपनी सोडून दुबईला गेले. ते बदलून माझं टाकलं. हे खातं बंद व्हायच्या आधी बघायचं, नंतर त्याचा उपयोग नाही.

रोजच्या नऊच्या कॉलचं निमंत्रणही ताईंच्या नावाने होतं. ज्याने मीटिंग लावली तोच ती बदलू शकतो, त्यामुळे माणूस गेला की मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरवर लटकत राहते आणि कोणाला हलवता येत नाही. ताईंनी स्वतः मालिका रद्द केली, मी नवीन लावली. पाच मिनिटांचं काम.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडक्यात, कारण मुंबईत ट्रकवाला टीम्सवर येत नाही. ताईंकडे कंपनीचं सिम होतं म्हणून निभावलं. ते सिम नुसतं दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर नंबर सुरू होतो, जुनं चॅट येत नाही, त्यासाठी बॅकअप लागतो. शिवाय टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन लावलेला असेल आणि तो कोणाला माहीत नसेल तर नंबर पुन्हा चालू करायला ७ दिवस थांबावं लागतं. ट्रान्सपोर्टचे ७ दिवस बंद म्हणजे दुकानच बंद. ताईंनी पिन माझ्यासमोर काढला, सगळ्या ग्रुपमध्ये मला अ‍ॅडमिन केलं, आणि दोन मोठ्या पार्टींचं चॅट एक्स्पोर्ट करून सामाईक मेलवर पाठवलं. एक्स्पोर्टला मर्यादा आहे: फोटोंशिवाय ४०,००० मेसेज, फोटोंसकट १०,०००. त्यामुळे जुन्या पार्टीचं सगळं येईल अशी अपेक्षा धरू नये, अलीकडचंच येतं. आम्हाला तेवढं पुरलं. ज्याचं काम स्वतःच्या खासगी नंबरवर चालतं, त्याच्याबाबत यातलं काहीच जमणार नाही. तिथे प्रत्येक पार्टीला एकेक मेसेज टाकून "यापुढे या नंबरवर" एवढंच हातात राहतं.

शेवटच्या आठवड्यात ताईंनी टीम्सवर स्टेटस मेसेज लावला आणि `Show when people message me` वर खूण केली. त्यामुळे कोणीही त्यांना लिहायला घेतलं की टाईप करायच्या चौकटीच्या वर दिसायचं, की इम्पोर्टसाठी आता अमुकला लिहा. हा उपाय मला सगळ्यांत स्वस्त आणि मस्त वाटला. मेलला ऑटो-रिप्लाय लावतात सगळेच, चॅटला लावायचं कोणाला सुचत नाही. आणि त्याची गरज असते, कारण खातं आधी नुसतं ब्लॉक होतं, डिलीट नंतर होतं. मधल्या काळात नाव यादीत दिसतं, कोणी लिहिलं तर मेसेज गेल्यासारखा दिसतो, आणि वाचणारं कोणी नसतं. आमच्याच गोडाऊनच्या माणसाने त्या दिवसांत दोन मेसेज तसे टाकले होते. उत्तर आलं नाही म्हणून त्याने फोन केला, म्हणून कळलं.

सगळं निघालं का? नाही. ताई गेल्यावर एका जुन्या जॉबवर पार्टीच्या अकाउंट्सने विचारलं की एका पार्टचं वर्गीकरण मागच्या वेळी कस्टम टॅरिफच्या वेगळ्या हेडिंगखाली का केलं होतं. जॉब बंद झालेला, म्हणून आमच्या यादीत तो नव्हता. चर्चा दोघांच्या चॅटवर झाली होती. आयटीच्या मुलाने पर्व्ह्यूमध्ये दोन नावं आणि तारखांची मर्यादा घालून शोध लावला. त्याची अख्खी दुपार गेली, आणि हाती आला तो तुकडा असा: पार्टीने कॅटलॉगचं एक पान पाठवलं होतं, ताईंनी विचारलं होतं की हा भाग मोटरबरोबर येतो की सुटा, आणि उत्तर होतं `suta`. कॅटलॉगचं पान पार्टीने पाठवलेलं, म्हणजे त्यांच्या बाजूला होतं. ते त्यांच्याकडूनच मागून घेतलं. फाईलला तीन ओळींची टीप लावली आणि काम झालं. रिटेन्शन लावलं नसतं तर हेही मिळालं नसतं, एवढं त्या पोराला श्रेय द्यायला हवं. ताईंना फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं, हेही खरं. पण त्या आता दुसऱ्या ब्रोकरकडे आहेत, आणि जुन्या पार्टीच्या कामाबद्दल त्यांना विचारणं मला पटलं नाही.

ताईंचं टीम्सचं लायसन्स मोकळं झालं ते नवीन मुलीला दिलं. ती माझ्या हाताखाली आली तेव्हा तिला ग्रुपमध्ये घालायचं काम माझ्याकडे होतं, आणि सवयीने मी सगळीकडे पूर्ण इतिहास देत सुटलो होतो. ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर आल्यावर डॉक्सच्या मुलीने हात धरला. त्या ग्रुपमध्ये दर ठरवताना एका पार्टीबद्दल आणि त्यांच्या मॅनेजरबद्दल जे काही लिहिलं गेलं होतं, ते नव्या माणसाने पहिल्याच दिवशी वाचावं असं नव्हतं. एकदा दाखवलेला इतिहास परत झाकता येत नाही. तिथे मी मागच्या काही दिवसांचाच पर्याय निवडला, आणि चालू दर वेगळे टाईप करून ग्रुपमध्ये पिन केले.